नेमणूकपत्रात लवादाचं कलम आहे, मग लेबर ऑफिसात जाता येतं का?

टेस्टर_हिंजवडी | ९ फेब्रुवारी, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसताच वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, तोही रडगाण्याचा. सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं टेस्टिंगमध्ये होतो. हुद्दा 'क्यूए लीड', पगार महिना ७१,०००. १२ जानेवारीला दुपारी मीटिंगचं आमंत्रण आलं, विषय 'कॅच-अप'. अकरा मिनिटांत 'परफॉर्मन्स' हा शब्द सहा वेळा ऐकला आणि चार वाजता लॅपटॉप बंद. डिसेंबरचा अर्धा पगार अडकलेला, जानेवारीचे बारा दिवस आणि रजेचे पैसे राहिलेत.

मी लेबर ऑफिसात जाईन म्हटल्यावर एचआरने नेमणूकपत्रातल्या कलम १९ चा फोटो पाठवला. त्याचा अर्थ असा: या नोकरीतून निघणारा कुठलाही वाद एकट्या लवादापुढे जाईल, लवाद कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर नेमतील, लवादाचं ठिकाण बंगळुरू, आणि दुसऱ्या कुठल्याही न्यायालयात किंवा प्राधिकरणापुढे जाता येणार नाही. खाली माझी सही. २०२२ मध्ये जॉइनिंगच्या दिवशी अठ्ठावीस पानांवर सह्या केल्या होत्या, त्यात हे पान होतंच.

प्रश्न एवढाच: दरवाजा खरंच बंद झालाय का?

---

चकलीबाई | ९ फेब्रुवारी, रात्री १०.५०

अठ्ठावीस पानं कोण वाचतं! मी तर पहिल्या दिवशी कॅन्टीन कुठे आहे ते शोधत होते.

---

सदाशिव_पेठी | ९ फेब्रुवारी, रात्री ११.०५

दरवाजा बंद. वाईट वाटून घेऊ नका, पण सही ती सही. कोर्टात जाण्याचा हक्क काढून घेणारा करार शून्य असतो असं कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम २८ मध्ये आहे खरं, पण त्याच कलमाच्या पोटात लवादाला सूट दिली आहे. करार लेखी आहे, सही आहे. कोर्टात गेलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला लवाद कायद्याच्या कलम ८ खाली अर्ज देईल आणि जज तुम्हाला लवादाकडे धाडेल. माझ्या मेव्हण्याच्या बिल्डरच्या केसमध्ये डिट्टो हेच झालं.

---

नाना_सातपूर | १० फेब्रुवारी, सकाळी ६.२०

बिल्डरची केस आणि नोकरीची केस एक नव्हे. एवढं सांगतो आणि फिरायला जातो.

---

विशाखा_स | १० फेब्रुवारी, सकाळी ९.४०

नानांनी एका ओळीत सांगितलं ते मी जरा लांबण लावून सांगते. बावीस वर्षं कामगार न्यायालयात उभी राहतेय, त्यामुळे एका ओळीत बोलायची सवय गेली.

सदाशिव पेठींनी कलम २८ बरोबर सांगितलं, पण तिथेच थांबले. लवाद कायद्यात कलम २(३) आहे. ज्या वादांना दुसऱ्या एखाद्या कायद्याने लवादाबाहेर ठेवलंय, त्यांना हा कायदा हात लावत नाही, असा त्याचा मतलब. कामगाराला कामावरून काढण्याचा वाद तसाच आहे. त्यासाठी आधी औद्योगिक विवाद कायदा होता, आता औद्योगिक संबंध संहिता आहे. समेट अधिकारी, न्यायाधिकरण, कामावर परत घेण्याचा हुकूम देण्याचा अधिकार, सगळी यंत्रणा त्या कायद्याने स्वतःची उभी केली आहे. लवादही त्या कायद्यात आहे, पण तो वाद उभा राहिल्यावर दोघांनी मिळून पत्करायचा. जॉइनिंगच्या दिवशी अठ्ठावीस पानांत घुसवायचा नव्हे.

मुंबईतलंच उदाहरण घ्या. किंगफिशर एअरलाइन्सने पगार थकवले तेव्हा पायलट आणि इतर कर्मचारी मुंबईच्या कामगार न्यायालयात गेले. कंपनीने कलम ८ चा अर्ज टाकला, करारात लवाद आहे म्हणून. कामगार न्यायालयाने तो फेटाळला. कंपनी मुंबई हायकोर्टात गेली आणि २०१२ मध्ये तिथेही हरली. २०१७ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने इनोव्हिटी नावाच्या कंपनीच्या केसमध्ये हीच भूमिका घेतली. तुमचा लवाद बंगळुरूला बसवलाय म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता खरी अडचण. हे सगळं 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्याला. तुमच्या नावापुढे 'लीड' आहे. कंपनी लवादाचं कलम बाजूला ठेवेल आणि म्हणेल, हा कामगारच नाही, मॅनेजर आहे. लढाई तिथे होईल. तेव्हा सांगा, तुमच्या हाताखाली किती जण होते? त्यांची रजा कोण मंजूर करायचं? अप्रेझलमध्ये मार्क कोण द्यायचं?

---

टेस्टर_हिंजवडी | १० फेब्रुवारी, दुपारी १.१५

ताई, खूप आभार. हाताखाली दोन ज्युनिअर होते, पण रजा प्रोजेक्ट मॅनेजर मंजूर करायचा. पोर्टलवर माझ्याकडे 'अॅप्रूव्ह' बटणच नव्हतं. अप्रेझलला माझं 'मत' मागायचे, मार्क मॅनेजर टाकायचा. दिवसभर मी स्वतः टेस्ट केस लिहायचो, बग लॉग करायचो. रिलीजच्या रात्री तीनपर्यंत क्लिक क्लिक क्लिक.

---

विशाखा_स | १० फेब्रुवारी, दुपारी २.०५

'बटणच नव्हतं' हे वाक्य सोन्याचं आहे. जपून ठेवा.

हुद्दा काय छापलाय ते न्यायालय बघत नाही, मुख्य काम काय होतं ते बघतं. तांत्रिक, कुशल, कारकुनी काम करणारा माणूस कामगार, मग पगार ७१ हजार असो की एक लाख. पगाराची मर्यादा फक्त सुपरवायझरला आहे, जुन्या कायद्यात १०,०००, संहितेत १८,०००. आयटीवाल्यांना कामगार कायदा लागूच नाही ही अफवा पंधरा वर्षं ऐकतेय, अजून मरत नाही.

पुरावा आताच गोळा करा. लॅपटॉप गेला असेल, पण मोबाईलवर आलेली मेल, बग ट्रॅकरची तुमच्या नावाची नोटिफिकेशन, स्वतःच्या रजेचे मेल, अप्रेझलचा पीडीएफ, सगळं. कंपनीच्या क्लायंटचा डेटा मात्र अजिबात उचलू नका. नाहीतर उद्या गोपनीयतेचा भंग केला म्हणून तेच तुमच्यावर उलटतील.

---

एचआर_मधली_मुलगी | १० फेब्रुवारी, दुपारी ३.३०

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय. हे कलम कुठून येतं माहितीये का? आमच्याकडे ते व्हेंडर अॅग्रीमेंटमधून आलं. लीगलने हाउसकीपिंगच्या ठेकेदाराच्या करारातला परिच्छेद नेमणूकपत्रात चिकटवला, 'सप्लायर' खोडून 'एम्प्लॉयी' केलं. एका जागी खोडायचं राहून गेलं. आमच्या २०१९ च्या बॅचच्या पत्रात अजूनही 'सप्लायर आपली सामग्री वेळेवर पुरवेल' असं आहे.

आणि खरं सांगू? आतल्या लोकांना ते कलम कोर्टात टिकेल असं वाटत नसतं. फोटो पाठवला की दहातले आठ जण गप्प बसतात, काम झालं.

---

चकलीबाई | १० फेब्रुवारी, दुपारी ३.३४

सामग्री वेळेवर पुरवेल 😂 नवऱ्याला दाखवते. त्याच्याकडूनही सही करून घ्यायला हवी होती.

---

गार्डनस्टेट_मराठी | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१०

न्यू जर्सीहून. इकडे परिस्थिती याहून वाईट आहे. २०१८ मध्ये एपिक सिस्टिम्सच्या केसमध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की लवादाच्या करारात 'सगळ्यांनी मिळून दावा लावायचा नाही' असं असेल तर ते चालतं. म्हणजे प्रत्येकाने एकेकट्याने लवादापुढे जायचं. लैंगिक छळाच्या तक्रारींपुरती २०२२ पासून सुटका मिळाली आहे, तिथे कोर्टात जायचं की लवादाकडे ते तक्रारदार ठरवतो.

माझं स्वतःचं सांगतो. एच-१बी वर असताना एका कन्सल्टन्सीने चार महिने बेंचवर बसवलं, पगार शून्य. करारात लवाद होताच. पण लवादाचा करार माझ्यात आणि कंपनीत, सरकारी खात्याने त्यावर सही केलेली नाही. डिपार्टमेंट ऑफ लेबरकडे डब्ल्यूएच-४ फॉर्म भरून तक्रार केली. बेंचवरच्या दिवसांचा पगार द्यावाच लागतो, तो मिळाला. तक्रार बारा महिन्यांच्या आत करावी लागते. कंपनीतल्या इतर दोघांनी 'करारात लवाद आहे' म्हणून ती वेळ घालवली.

---

सदाशिव_पेठी | १० फेब्रुवारी, रात्री ८.००

धागा पुण्याचा आहे हो.

---

गार्डनस्टेट_मराठी | १० फेब्रुवारी, रात्री ८.१२

मान्य. पण फोटो पाठवून गप्प करायची युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

---

कोथरूडचा_व्हीपी | ११ फेब्रुवारी, सकाळी ११.२५

सगळे एका बाजूने बोलताहेत म्हणून माझी बाजू. मी सेल्समध्ये व्हाइस प्रेसिडेंट होतो, हाताखाली चाळीस माणसं, त्यातल्या काहींना मी स्वतः काढलेलं. कामगार असल्याचा दावा करायला तोंडच नव्हतं. कंपनीने इन्सेंटिव्हचे ११ लाख दिले नाहीत. वकिलाने पुण्यात दिवाणी दावा लावला. कंपनीने पहिलं उत्तर देण्याआधीच कलम ८ चा अर्ज दिला आणि जजने आम्हाला लवादाकडे पाठवलं. यात आठ महिने गेले.

मग लवाद कोण, यावर भांडण. कंपनी म्हणे आमचा डायरेक्टर नेमेल. आम्ही हायकोर्टात गेलो, कोर्टाने एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश नेमले. पुढे चौदा महिन्यांत निकाल, ६ लाख २० हजार मिळाले. फी दोघांनी निम्मी निम्मी भरली. म्हणजे सदाशिव पेठी म्हणतात ते माझ्यासारख्याला शंभर टक्के लागू आहे.

आणि एक कडू गोष्ट. माझा मावसभाऊ भोसरीत कामगार न्यायालयात सहा वर्षं तारखा घेतोय. मला दोन वर्षांत पैसे मिळाले. लवाद म्हणजे राक्षस असं काही नाही.

---

नाना_सातपूर | ११ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

साहेब, तुमच्याकडे निम्मी फी भरायला पैसे होते. माझी केस नऊ वर्षं चालली. वायरमन होतो, युनियनने पत्रक वाटलं त्याची शिक्षा. नऊ वर्षं दर तारखेला सीबीएसवरून चालत कोर्टात जायचो. वकिलाला युनियन द्यायची. लवाद असता तर पहिल्याच पायरीवर बसलो असतो. नऊ वर्षांनी कामावर परत घेतलं, चाळीस टक्के मागचा पगार दिला. लवाद कामावर परत घ्या म्हणाला असता का?

---

कोथरूडचा_व्हीपी | ११ फेब्रुवारी, दुपारी १.१०

नाही म्हणाला असता. तेवढं मान्य. पैशापलीकडे त्याने काही दिलं नसतं.

---

टेस्टर_हिंजवडी | ३ मार्च, रात्री ९.१५

धागा वर काढतोय. कालच एक नवीन गंमत आली. स्पीड पोस्टाने 'लवादाची नोटीस'. कंपनीच म्हणते की मी नोटीस पिरियड भरला नाही (मला त्यांनीच काढलंय!) आणि ट्रेनिंगचा खर्च मिळून माझ्याकडे ३ लाख १० हजार येणं आहे. लवाद म्हणून बंगळुरूच्या एका वकिलाचं नाव. पहिली बैठक २० मार्च, ऑनलाइन.

लवादाचं कलम मला लागूच नाही ना? मग ही नोटीस फाडून टाकू का?

---

सदाशिव_पेठी | ३ मार्च, रात्री ९.३०

फाडू नका. या वेळी माझं ऐका.

---

विशाखा_स | ३ मार्च, रात्री १०.२०

अजिबात फाडू नका! 'मला लागू नाही' म्हणून माणूस गप्प बसतो आणि तिथेच फसतो. तुम्ही आला नाहीत तरी लवाद तुमच्याशिवाय बैठक घेऊ शकतो. निकाल तुमच्याविरुद्ध लागला की तो कोर्टाच्या हुकुमासारखा वसूल होतो. तो रद्द करून घ्यायला तीन महिने मिळतात, फार तर आणखी तीस दिवस, त्यानंतर दार बंद. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, बँक खातं गोठल्यावर.

दोन पानांचं उत्तर पाठवा, त्या वकिलाला आणि कंपनीला दोघांनाही, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने. त्यात दोन हरकती.

पहिली, हा वाद मला कामावरून काढण्यातून आणि थकलेल्या पगारातून आलाय, त्यासाठी मी कामगार खात्याकडे जातोय, हा विषय लवादाच्या कक्षेत येत नाही.

दुसरी जास्त सोपी आहे. लवाद कंपनीने एकतर्फी नेमलाय. मॅनेजिंग डायरेक्टरचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला, तो स्वतः लवाद होऊ शकत नाही आणि दुसऱ्याला नेमूही शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या केसमध्ये सांगितलंय. ही हरकत सोडून द्यायची तर वाद उभा राहिल्यानंतर तुम्ही तसं स्वतःहून लेखी द्यावं लागतं. २०२२ मधली सही त्यात धरत नाहीत. म्हणून आता ऑनलाइन बैठकीत 'मला हे लवाद मान्य आहेत' असं काही लिहून देऊ नका, साध्या ईमेलवरही नको. हजर राहिलात तर 'हरकती कायम ठेवून हजर' असं नोंदवून घ्या.

आणि कक्षेची हरकत बचावाचं लेखी उत्तर देण्याआधी किंवा त्याच्याबरोबरच घ्यावी लागते. नंतर आठवलं तर उपयोग नाही.

---

कोथरूडचा_व्हीपी | ३ मार्च, रात्री १०.४५

फीचंही बघा. कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या वादाला लवादाची फी ४५,००० धरली आहे. ३ लाखांसाठी एवढी फी कोण भरणार? नुसता धाक दाखवायला पाठवलंय हे.

---

एचआर_मधली_मुलगी | ३ मार्च, रात्री ११.००

धाकच. आमच्याकडेही लेबर ऑफिसचं पत्र आलं की दोन आठवड्यांत अशी नोटीस जायची. ठरलेला फॉरमॅट आहे.

---

विशाखा_स | ४ मार्च, सकाळी १०.१०

या 'ठरलेल्या फॉरमॅट'ला सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये चांगलाच दणका दिलाय. ह्युंदाई ऑटोएव्हर कंपनीतल्या असिस्टंट मॅनेजर हुद्द्याच्या माणसाला जानेवारी २०२१ मध्ये काढलं. तो थकलेल्या पगारासाठी वेतन प्राधिकरणाकडे गेला, काढण्याविरुद्ध औद्योगिक विवाद कायद्याखाली गेला. कंपनीने प्राधिकरणापुढे लवादाचं कलम काढलं, ते फेटाळलं गेलं. मग कंपनी मद्रास हायकोर्टात गेली, 'याने गोपनीयतेचा भंग केलाय, लवाद नेमा' म्हणून, आणि हायकोर्टाने नेमलाही. सुप्रीम कोर्टाने ती नेमणूक रद्द केली. पगार आणि काढणं हे दोन्ही विषय कायद्याने ठरावीक प्राधिकरणांकडे दिलेत, गोपनीयतेचा मुद्दा पुढे करून ते लवादाकडे ओढता येणार नाहीत. वर कंपनीला पाच लाखांचा खर्च त्या कर्मचाऱ्याला द्यायला लावला.

उत्तरात या निकालाचा उल्लेख करा. समोरच्या वकिलाला तो माहीत असतोच, फक्त तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळलं पाहिजे.

आणि पगाराचा अर्ज वेगळा करा, काढण्याच्या तक्रारीत मिसळू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायला हवा. 'फुल अँड फायनल ४५ दिवसांत होईल' हे एचआरचं पाठ केलेलं वाक्य विसरा. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि प्राधिकरणाला येणं असलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. महत्त्वाचं म्हणजे या संहितेत 'कर्मचारी' म्हटलंय, त्यात मॅनेजरही येतो. म्हणजे कामगार की मॅनेजर हे भांडण पगाराच्या अर्जात अडवू शकत नाही. रजेच्या पैशांची अर्जात वेगळी ओळ करा, त्यावर कंपनी वाद घालेल.

काढण्याविरुद्धची तक्रार समेट अधिकाऱ्याकडे. तिथे साधारण पंचेचाळीस दिवसांत काही जमलं नाही तर अहवाल मिळतो, त्यानंतर नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे. एकूण मुदत आता दोन वर्षं, आधी तीन होती. संहितेकडे वळायचं काम अजून चालू आहे, म्हणून अर्जाच्या डोक्यावर जुना कायदा आणि नवी संहिता दोन्ही लिहा. काउंटरवरचा माणूस 'हे टेबल नाही' म्हणाला तर त्याच्याकडून पोच मात्र घ्या.

---

कोथरूडचा_व्हीपी | ४ मार्च, सकाळी १०.३५

एक मिनिट. म्हणजे माझ्या इन्सेंटिव्हसाठीही मी वेतन प्राधिकरणाकडे जाऊ शकलो असतो?

---

विशाखा_स | ४ मार्च, सकाळी ११.००

तेव्हा नाही, जुन्या वेतन कायद्याला पगाराची मर्यादा होती. आणि आजही इन्सेंटिव्हला 'वेतन' म्हणायचं का यावर तुमच्या कंपनीने जोरात वाद घातला असता. त्यात कोण जिंकलं असतं ते मी छातीठोक सांगणार नाही.

---

शांतारामाचा_नातू | ४ मार्च, दुपारी १२.२०

माझ्या बँकेच्या पत्रात लवाद नाही, पण 'फक्त मुंबईच्या कोर्टात' असं आहे. मी नागपूरला. हेही शून्य का?

---

विशाखा_स | ४ मार्च, दुपारी १२.४५

नाही. हे वेगळं आहे. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एचडीएफसी बँकेच्या केसमध्ये नोकरीच्या करारातलं 'फक्त मुंबई' हे कलम ग्राह्य धरलं. दिवाणी दाव्यासाठी ते चालतं, अट एवढीच की मुंबईच्या कोर्टाला मुळात अधिकार असला पाहिजे. कामगार असाल तर कामगार खात्याकडे जायचा रस्ता तुम्ही काम करत होतात तिथूनच निघतो.

---

शांतारामाचा_नातू | ४ मार्च, दुपारी १२.५०

ब्रँच मॅनेजर आहे 😔

---

नाना_सातपूर | ४ मार्च, दुपारी १.३०

मग विदर्भ एक्सप्रेसचं रिझर्वेशन करा.

---

सदाशिव_पेठी | ५ मार्च, सकाळी ८.१५

माझी पहिली पोस्ट अर्धी चूक होती हे कबूल. पण माझा मुद्दा राहतोच. 'लीड' कामगार ठरला नाही, तर काढण्याच्या वादासाठी हा पुन्हा कलम १९ च्या तावडीत सापडतो. बरोबर ना?

---

विशाखा_स | ५ मार्च, सकाळी ९.००

बरोबर. आणि तेव्हाही एमडीने नेमलेला लवाद नको, हायकोर्टाने नेमलेला हवा, एवढंच म्हणता येईल. पण कामगार आहे की नाही हे पुराव्यावर न्यायाधिकरण ठरवेल, एचआरचा फोटो ठरवणार नाही.

---

टेस्टर_हिंजवडी | २१ मे, रात्री १०.०५

बरेच दिवसांनी. विचारपूस करणाऱ्यांचे आभार, काय झालं ते सांगतो.

लवादाला दोन हरकतींचं उत्तर पाठवलं. २० मार्चच्या बैठकीला मी 'हरकती कायम ठेवून' हजर राहिलो, कॅमेरा लावून, वर शर्ट आणि खाली हाफ पँट. लवाद म्हणाले कंपनीकडून उत्तर मागवतो. ते आजवर आलं नाही. पुढची बैठकही लागली नाही.

पगाराचा अर्ज वेगळा केला, हातात पोच घेतली. दुसऱ्या तारखेला कंपनीचा माणूस आला, लवादाचं कलम वाचायला लागला. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "पगार दिलाय का?" तो पुन्हा कलम वाचायला लागला. साहेब पुन्हा, "पगार दिलाय का?" पुढच्या आठवड्यात डिसेंबर-जानेवारीचे ४९,६०० खात्यात आले. रजेच्या पैशांवर वाद चालू आहे. पैशांबरोबर 'मला कंपनीकडून काहीही येणे नाही' असं एक पान सहीला आलं होतं, ते विशाखाताईंना दाखवून तसंच ठेवून दिलं.

समेट झाला नाही. तीन बैठका झाल्या. कंपनीने एक महिन्याचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर देऊ केलं, बदल्यात सगळं मागे घ्यायचं. मी नाही म्हटलं. अहवाल मिळालाय, आता न्यायाधिकरणाकडे अर्ज टाकतोय. तिथे त्यांचं पहिलं वाक्य काय असेल ते ठाऊक आहे: हा कामगार नाही, लीड आहे.

बायको म्हणते पगार मिळाला, आता सोड. मला अजून कळत नाहीये.

---

नाना_सातपूर | २२ मे, सकाळी ६.१०

पोर्टलच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट आहे ना, बटण नसलेला?

---

टेस्टर_हिंजवडी | २२ मे, सकाळी ८.३०

माझ्याकडे नाही, पण टीममधल्या एकीकडे आहे. तिने तिच्या रजेच्या अर्जाचा फोटो काढला होता, 'मंजुरी देणारा' पुढे मॅनेजरचं नाव दिसतंय. ती अजून तिथेच नोकरीला आहे, म्हणून मागायला जीव होत नाही.

---

एचआर_मधली_मुलगी | २२ मे, सकाळी ९.२०

मागू नकोस. न्यायाधिकरणापुढे अर्ज दे की कंपनीने रजा मंजुरीचा रेकॉर्ड हजर करावा. तो डेटा सिस्टीममध्ये असतो, आम्हाला एका क्लिकवर निघतो. आणि नाही दिला, तर का नाही दिला ते त्यांना सांगावं लागेल.